बँकेला सुट्टी, काट्याला नाही



मार्च सरता सरता आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, 31 तारखेला ऊस घातला, वजन झालं, पावती खिशात आहे, मग बिलात टनेज का दिसत नाही?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा यामागे काय घडते ते समजून घेऊ.

वजनकाट्यावर पावती निघाली की ती तेथील संगणकात राहते. रोज रात्री ठरल्या वेळी त्या दिवसाच्या पावत्या हिशेब विभागाच्या संगणकात आपोआप उतरतात. संगणकवाले याला 'सिंक' म्हणतात, आपण 'उतरण' म्हणू. उतरलेल्या पावत्यांवरून पंधरवड्याचे बिल होते आणि बिलाची यादी बँकेकडे जाते. म्हणजे कामे दोन: काट्यावरची उतरण आणि बँकेकडची यादी.

बँकेला सुट्टी असली तर यादी थांबवणे समजण्यासारखे आहे. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटीची व्यवस्था सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालते हे खरे. पण यादी तपासून मंजूर करणारे माणूस शाखेत नसेल तर ती पडूनच राहते. उसाची वाहने मात्र सुट्टी पाळत नाहीत. दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही काटा चालूच असतो. म्हणून बँकेच्या सुट्ट्यांची यादी फक्त बँकेच्या कामाला लावायची, काट्याच्या उतरणीला नाही. शिवाय ती यादी वर्षातून एकदा भरून विसरून चालत नाही. 31 मार्च 2025 ला रमजान ईदची सुट्टी होती, तरी वर्षअखेर असल्याने शासकीय व्यवहार करणाऱ्या शाखा रिझर्व्ह बँकेने चालू ठेवायला लावल्या होत्या.

महिनाअखेरची गोष्ट वेगळी. हिशेब बंद करताना मध्येच नव्या पावत्या पडू लागल्या तर बेरीज जुळत नाही. म्हणून त्या रात्रीची उतरण पुढे ढकलतात. ढकलणे ठीक, पण ढकलणे आणि गाळणे यांत फरक आहे. संगणकाला "आजच्या पावत्या घे" असे सांगितलेले असेल आणि 31 मार्च व 1 एप्रिलची उतरण थांबली, तर 2 तारखेला तो फक्त 2 तारखेच्याच पावत्या घेतो. मागच्या दोन दिवसांच्या काट्यावरच राहतात, आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. त्याऐवजी "मागच्या यशस्वी उतरणीनंतरच्या सगळ्या घे" असे सांगितले तर काही सुटत नाही. एखादी पावती दोनदा आली तरी पावती नंबर एकच असल्यामुळे ती दुसऱ्यांदा नोंदवू नये, एवढी खबरदारी ठेवायची.

दुसरा धोका तारखेचा. समजा, निफाडकडच्या एका सभासदाची 10 टनांची ट्रॉली 31 मार्चला रात्री नऊला वजन झाली आणि पावती 2 एप्रिलला उतरली. बिलात वजनाची तारीख धरली तर ऊस मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जातो. उतरण्याची तारीख धरली तर तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ढकलला जातो, आणि बिल 15 एप्रिलनंतरच होते.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर साल दरशेकडा 15 व्याज. या ट्रॉलीची मुदत 14 एप्रिलला संपते. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी! म्हणून यादी त्याआधीच्या कामाच्या दिवशी जायला हवी. दर टनाला 3000 रुपये धरला तर रक्कम 30,000 होते, आणि पैसे 29 एप्रिलला मिळाले तर 15 दिवसांचे व्याज सुमारे 185 रुपये. रक्कम लहान दिसते, पण त्याच रात्री वजन झालेल्या प्रत्येक ट्रॉलीचे तसेच होते. आणि सोसायटीचा हप्ता ज्याचा त्यावर अवलंबून, त्याची अडचण 185 रुपयांत मोजता येत नाही.

उपाय साधा आहे. महिना बंद करण्यापूर्वी त्या दिवसाच्या काट्यावरच्या पावत्या मोजायच्या आणि हिशेबातल्या मोजायच्या. काट्यावर 412 आणि हिशेबात 409 असतील तर तीन पावत्या सापडेपर्यंत महिना बंद करायचा नाही. टनेजही असेच पडताळायचे, कारण संख्या जुळूनही वजन चुकू शकते.

आपण एवढेच करा: बिल हाती आले की पावत्या तारखेप्रमाणे लावा, नंबर आणि वजन बिलाशी ताडून पाहा. 30-31 तारखेच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या पावत्या आधी पाहा. एखादी सुटलेली किंवा पुढच्या पंधरवड्यात गेलेली दिसली, तर मूळ पावती घेऊन लगेच गट कार्यालयात या. तिच्यावर छापलेली वजनाची तारीख हाच आपला पुरावा. पुढचे बिल होण्याआधी आलात तर दुरुस्ती लवकर होते, म्हणून हंगाम संपेपर्यंत पावत्या टाकू नका.