शनिवारीत जुनी जर घेताना

पोरी, जुन्या शालूचे काठ उसवून पिशव्या शिवायचा तुझा विचार मला आवडला. नंदुरबारहून गाडीत बस, उधन्याला उतर, मी न्यायला येते. सुरतेत चौकबाजारच्या शनिवारीत जुन्या साड्यांचे ढीग मिळतील. पण तुझे डोळे चकाकीला भुलतात, हे मला तू परकर नेसायचीस तेव्हापासून माहीत आहे. म्हणून निघण्याआधी एवढं वाच. यातली प्रत्येक चूक मी स्वतः पैसे मोजून केली आहे.

१. पहिली फेरी हात मागे बांधून मार, काहीही उचलू नको – ज्या साडीवर हात दोनदा जातो, तिचा भाव विक्रेता मनात तिथेच वाढवतो.

२. ‘असल जरी छे, बेन’ असं कुणी म्हणालं तर मान हलव, वाद घालू नको. मनात मात्र एकच प्रश्न विचार, खरी असती तर ही इथे का आली असती? – सुरत हे जरीचंच गाव. खऱ्या जरीत चांदीची तार असते, वरून सोन्याचा मुलामा असतो. असली जुनी साडी इथे वजनावर विकत घेऊन चांदी गाळणारे आहेत. जुने कपडे गोळा करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. आम्ही म्हणतो, खरी जर फडक्यावर येण्याआधी तराजूवर चढते. क्वचित एखादी निसटते, नाही असं नाही. पण त्या भरवशावर पाकीट उघडू नको.

३. जर तीन जातींची, एवढं पक्कं लक्षात ठेव – खरीत चांदी, नकलीत तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर, आणि तिसरी प्लास्टिकची, म्हणजे चकचकीत पट्टी. तिन्ही नव्या असताना सारख्याच झळकतात, म्हणून झळाळीवरून काही ठरत नाही.

४. साडी उलटी कर आणि काठ मागून बघ – काठ पुढून झळकतो, मागून बोलतो. मागे जर घासलेली नसते, तिथे रंग कसा उतरला ते दिसतं. चांदी जुनी झाली की करडी-काळसर पडते. तांबं लालसर दिसू लागतं, ओल लागलेल्या जागी हिरवट होतं. प्लास्टिकचा रंग सोलल्यासारखा निघतो आणि खाली नुसती पारदर्शक पट्टी उरते.

५. सुटलेला एक धागा विक्रेत्याला विचारून घे, गुपचूप ओढू नको – विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याने तुला उत्तरच दिलेलं असतं.

६. धाग्यावरची चपटी तार नखाने उलगड. मग दगडावर चांगली घास आणि आतला रंग बघ – पांढरा निघाला तर चांदीची आशा, तांबूस निघाला तर नकली. एकदोनदा घासून थांबू नको. नकलीतही तांब्यावर चांदीचा थर असतो, तो आधी पांढराच दिसतो. मी त्याच पांढऱ्याला फसले होते.

७. उरलेला तुकडा ढिगापासून लांब जाऊन काडीपेटीच्या जाळावर धर, चिमटा विसरू नको – प्लास्टिक आकसून त्याचा गोळा होतो. धातूची जर असेल तर आतला दोरा जळतो आणि तारेचं वेटोळं शिल्लक राहतं. काठाखालच्या कापडाचाही एक दोरा असाच जाळ. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. आपल्या रिंगरोडच्या बाजारांत पॉलिएस्टरच्या साड्यांना तोटा नाही, त्यांतलीच एखादी चार वेळा धुऊन ‘आजीचा शालू’ म्हणून पुढे येते.

८. या घरगुती परीक्षेने चांदी आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही – त्यासाठी सराफाची कसोटी हवी. बाजारात उभ्या उभ्या चांदीचा हिशेब करून पैसे देऊ नको.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे भाव कसा काढायचा ते कळेल. जांभळा शालू होता, विक्रेता सहा हजार म्हणाला. काठ मागून तांबूस, म्हणजे नकली. मी त्याला तसं म्हटलं नाही. घडी उघडायला सांगितली आणि काठ वितीने मोजला. साडी साडेपाच मीटर, दोन्ही बाजूंचा काठ धरून अकरा मीटर. त्यातला घड्यांवर फाटलेला आणि डाग पडलेला वगळला, तर धड आठ मीटर निघाला. त्या वेळी तशाच रुंदीचा नवा नकली काठ मला दुकानात मीटरला ऐंशी रुपयांनी मिळत होता, म्हणजे सहाशे चाळीस झाले. पदर अर्धाच चांगला होता, त्याचे दीडशे धरले. आठशेच्या वर जायचं नाही असं ठरवलं, पाचशे म्हटलं, आणि पाऊण तासाने साडेसातशेला साडी घेतली. सहा हजारांतून किती कमी झाले याच्याकडे मी बघितलंच नाही. माझ्या आकड्याशी त्याचं नातंच नव्हतं.

९. म्हणून तूही आधी तुझा आकडा ठरव, मग भाव विचार – त्याचा आकडा आधी कानावर पडला की निम्म्याला घेतलेलंही स्वस्त वाटतं.

१०. रेशीम घडीवर दोन बोटांत धरून हलकेच ताण – कुजलेलं रेशीम तिथे कागदासारखं फाटतं, आणि असल्या काठाला शिलाई धरत नाही. २००६ च्या ऑगस्टात तापी शहरात शिरली, तेव्हा किती घरांतल्या पेट्या बुडाल्या. चिखलाच्या पाण्याची तपकिरी रेघ कापडावर आडवी दिसली तर ती साडी ठेवून दे, कितीही देखणी असली तरी.

११. त्याच्या मालाला नावं ठेवू नको – ‘तांब्याची आहे’ हे चारचौघांत म्हणालीस तर तो हट्टाला पेटेल. ‘मला काठापुरतीच हवी’ म्हण, ते खरंही आहे, आणि त्याने भाव आपोआप खाली येतो. मग हळूच विचार, ‘छेल्लो भाव केटलो?’

१२. तू सांगितलेला भाव त्याने मान्य केला की साडी घ्यायचीच – हो म्हणून पाय काढणारीला पुढच्या शनिवारी कुणी घडी उघडून दाखवत नाही. आणि भवानीच्या वेळी गेलीस तर फार ताणू नको. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तो सहसा परत पाठवत नाही, पण त्याचा दिवसही तुझ्यापासून सुरू होत असतो.

१३. सुटे पैसे वेगळ्या खिशात, मोठी नोट आत – साडेसातशेवर घासाघीस करून दोन हजारांची गड्डी काढलीस तर पुढच्या वेळी तो भाव तुझ्या गड्डीकडे बघून सांगेल.

१४. साडी घरी आणलीस की सुती कापडात गुंडाळून ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नको – आत ओल धरली की जर लवकर काळी पडते.

चिमटा, काडीपेटी आणि शिंप्याची टेप तू घेऊन ये. घासायला दगड माझ्याकडे आहे. शुक्रवारी रात्री मुक्कामाला आलीस तर शनिवारी सकाळी आपण दोघी ऊन चढायच्या आत चौकात पोचू.