सर्व्हर बंद, मग मेल कुठे जातात?

प्रश्न : ऑफिसात नोटीस लागली आहे. शनिवारी रात्रीपासून रविवारी संध्याकाळपर्यंत मेल सर्व्हर बंद राहील, नंतर फोनमध्ये नवा सर्व्हर टाकायचा. मधले मेल बुडतील का? जुने खाते काढून टाकू?

उत्तर : मेल सहसा बुडत नाहीत. तुमचा सर्व्हर उत्तर देईनासा झाला की पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, बहुधा चार-पाच दिवस. त्यामुळे सोमवारी ढीग येईल, तोही उलटसुलट क्रमाने. तुम्ही पाठवलेले मेल मात्र आउटबॉक्समध्येच अडकतील.

खाते काढण्याची घाई नको. आधी सेटिंगमध्ये प्रकार पाहा. IMAP असेल तर मेल सर्व्हरवर असतात. POP3 असेल तर जुने मेल फक्त फोनवरच असू शकतात आणि खात्याबरोबर जातील. आउटबॉक्स व ड्राफ्टही तपासा.

मग सर्व्हरचे नाव नोटिशीतून जसेच्या तसे टाका. IMAP साठी बहुधा 993 आणि SSL/TLS, पाठवण्यासाठी 587 आणि STARTTLS. मेल येतात पण जात नाहीत, असे झाले तर चूक बहुधा पाठवण्याच्या सेटिंगमध्ये आहे. प्रमाणपत्राचा इशारा आला तर ‘तरीही पुढे’ दाबू नका. आयटी विभागाला फोन करा.