पांढऱ्या केसांवर पिवळी झाक

केस रंगवणं सोडलं आणि डोकं पूर्ण पांढरं झालं, तेव्हा मला ते मनापासून आवडलं होतं. पुढे आम्ही गावाबाहेरच्या सोसायटीत राहायला आलो. तिथे वापरायचं पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. काही महिन्यांत वेणीचा खालचा भाग जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट दिसू लागला. पार्लरमध्ये त्यांनी लगेच जांभळा शांपू दिला. केसांचा पिवळेपणा तसाच राहिला आणि त्यावर मळकट करडी छटा चढली. असं का झालं, ते नंतर समजत गेलं. पांढरे केस राखणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं, असं मला वाटतं.

पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, म्हणून काळ्या केसात लपून जाणारा डाग इथे उठून दिसतो. शिवाय असा केस बरेचदा कोरडा आणि खरखरीत असतो, त्यामुळे बाहेरचं काहीही त्याला पटकन चिकटतं. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, चुलीचा किंवा सिगारेटचा धूर, पिवळं तेल, काही औषधं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. उन्हानेही केस पिवळे पडतात.

कारण ओळखायचं तर पिवळेपणा कुठे आहे ते पाहावं. दिवसाच्या उजेडात एक बट पांढऱ्या कागदावर पसरायची. माझ्या केसांची मुळं स्वच्छ पांढरी होती आणि टोकाकडे रंग गडद होत गेला होता. म्हणजे जो केस जितका जुना, तितका तो जास्त वेळा त्या पाण्यातून गेलेला. नळाच्या तोटीवर पांढरा थर होता, साबणाला फेस येत नव्हता. बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तळाशी तांबूस झालं, तेव्हा लोहही असल्याची खूण पटली. माझ्या नणंदेचं वेगळं. ती गावी चुलीवर स्वयंपाक करते आणि तिच्या कपाळाजवळचेच केस पिवळे झालेत, मागचे नाहीत. तो धूर. डोक्याला फडकं घट्ट बांधून बसणं हाच तिच्यासाठी पहिला उपाय.

औषधाचा डाग बहुतेक वेळा औषध लावतो तिथेच पडतो. केस गळतीसाठी टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल, कोंड्यासाठीचे कोल टार किंवा सेलेनियम सल्फाइडचे शांपू हलक्या रंगाच्या केसांवर छटा सोडू शकतात. मुळांशीच रंग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं, औषध मनाने बंद करू नये. सेलेनियमचा शांपू वापरत असाल तर तो भरपूर पाण्याने नीट धुऊन काढावा.

आता उपायाचा क्रम. जांभळा रंग पिवळ्याला दाबतो, पण साचलेला थर काढत नाही. कपडे नीट न धुता नीळ घातल्यावर होतं, तसंच माझ्या केसांचं झालं होतं. आधी थर निघाला पाहिजे. त्यासाठी बाटलीवरच्या घटकांमध्ये ‘ईडीटीए’ किंवा ‘चिलेटिंग’ असा उल्लेख असलेला शांपू बघावा. ईडीटीए बऱ्याच साध्या शांपूंमध्येही थोडं असतं, म्हणून मुद्दाम खनिजांसाठी बनवलेलाच घ्यावा. केस ओले करून तो लावायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, धुवायचा. याने केस कोरडे होतात, म्हणून नंतर कंडिशनर हवंच आणि हा शांपू पंधरा दिवसांतून एकदा पुरे. शेवटचं धुणं आरओच्या लिटरभर पाण्याने करावं. आरओ नसेल तर पाणी उकळून थंड करून वरचं निवळ पाणी घ्यावं. काही पाण्यातला जडपणा उकळल्यावर तळाशी बसतो, सगळा बसत नाही. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालूनही केस धुता येतात. त्याने चुन्याचा थर सुटायला मदत होते, लोहाच्या डागावर मात्र फार भरवसा ठेवू नये. लिंबाचा रस लावून उन्हात बसण्याचा सल्ला मुळीच ऐकू नका, त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात.

थर गेल्यावर जांभळा शांपू खरंच छान काम करतो. पहिल्यांदा दोनच मिनिटं ठेवा, तेही कानामागच्या एका बटेवर करून पाहा. आठवड्यातून एकदा पुरतं. जास्त वेळ ठेवला तर केसांना जांभळट छटा येते. ती साध्या शांपूने काही धुण्यांत उतरते, पण तोवर घराबाहेर पडणं नको वाटतं. कपड्यांची नीळ डोक्याला लावू नये.

दोन-तीन वेळा थर काढूनही टोकं पिवळीच राहिली, तर तो रंग केसात मुरलाय असं समजावं आणि ती टोकं कापावीत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, आणि पाणी सुधारलं असेल तर नवीन येणारा केस पांढराच राहतो.