गुलूताई, चिंबू आणि टुणुक

नेरूळ, नवी मुंबई

चि. मृणाल,

लेकीला रोज रात्री एकाच मालिकेतली गोष्ट सांगायची, तर पात्रांची नावं आधी ठरवावीत. त्यातलं एखादं लेकीलाच ठेवू द्यावं. १९४१ साली स्वीडनमध्ये आजारी पडलेल्या छोट्या कारीननं आईला फर्मावलं, 'पिप्पी लाँगस्ट्रंपची गोष्ट सांग.' नाव तिनं तिथल्या तिथे रचलेलं. आई आस्त्रिद लिंडग्रेन यांना वाटलं, नाव इतकं विचित्र, तर मुलगीही तशीच हवी. त्यातून उभी राहिलेली पिप्पी १९४५ मध्ये पुस्तकात आली. नाव आधी आलं, स्वभाव मागून.

बाकीची नावं मोठ्यांनी ठेवावीत, पण लहानग्या जिभेला झेपतील अशी. नेरूळच्या चाणक्यजवळच्या पाणथळीत हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. मराठीत त्याला रोहित म्हणतात, म्हणून पात्राचंही नाव रोहित ठेवावंसं वाटेल. पण तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडी 'र' बहुतेक वेळा 'ल' होतो. शिवाय सोसायटीत एखादा खराखुरा रोहित असतोच, आणि गोष्टीतला रोहित चिखलात पडला की दुसऱ्या दिवशी खाली खेळताना त्या मुलाला चिडवलं जातं. त्यापेक्षा गुलाबी पिसांवरून गुलूताई बरी. खाडीतली चिंबोरी झाली चिंबू, आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी झाली टुणुक.

तिन्ही नावांची सुरुवात वेगळी आहे, हे महत्त्वाचं. चिऊ आणि काऊ यांची गल्लत कुठलंच मूल करत नाही, पण चिंबू, चिंकी आणि चिनू एकाच गोष्टीत आले की करतं. मूल 'तो दुसरा' असं म्हणू लागलं, तर नावं फार सारखी झाली आहेत असं समजावं आणि त्यातलं एक पात्र गावाला पाठवावं. चालू गोष्टीत नाव मात्र बदलू नये. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची लेक जोसेफिन गोष्टीतला एक शब्दही इकडचा तिकडे होऊ देत नसे. नावं आणि प्रत्येकाची एक खोड वहीत टिपलेली असली, की बाबांनी सांगितलेली गोष्टही जुळते.

खोडीसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाहावा. खरं नाव बनेश, गाव फुरसुंगी, आणि तोंडात तो 'ट्टॉक'. असा एखादा आवाज टुणुकलाही द्यावा, पण हळू म्हणता येईल असा. मोठ्यानं ओरडायची आरोळी दिली, तर मूल झोपायचं सोडून उठून बसतं.

पावसाळ्याआधी बहुतेक फ्लेमिंगो निघून जातात, तेव्हा गुलूताईलाही जाऊ द्यावं. तोवर चिंबू आणि टुणुक गोष्ट चालवतील. हिवाळ्यात ती परतेल तेव्हा तिच्यासोबत एक करड्या पिसांचं पिल्लू असावं. त्याचं नाव लेकीला विचारावं.

तुझी,
मावशी