वीस अक्षरांचा पत्ता : गाइड आरएनए कॅस९ला नेमक्या जागी कसा नेतो

(अल मनखूलमधल्या आमच्या अभ्यासगटात वर्गमित्रांसमोर करायच्या सादरीकरणाची ही संहिता आहे. वेळ साधारण पंधरा मिनिटे. कंसातल्या सूचना बोलणाऱ्यासाठी आहेत.)

स्लाइड १ : कात्री आणि पत्ता

मित्रमैत्रिणींनो, आपल्या इमारतीच्या दाराशी मकानी क्रमांकाची पाटी असते. दहा अंक दिले की अख्ख्या दुबईतून डिलिव्हरीवाला बरोबर आपल्याच दाराशी येतो. क्रिस्परमध्येही अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे कात्री, म्हणजे कॅस९ नावाचे प्रथिन. हे न्यूक्लिएज आहे, म्हणजे डीएनए कापणारे विकर. दुसरा आहे पत्ता, म्हणजे गाइड आरएनए. कात्री प्रत्येक वेळी तीच असते, बदलतो तो फक्त पत्ता. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांच्या गटांनी हेच दाखवून दिले. जिवाणूत दोन वेगळे आरएनए मिळून जे काम करतात, ते त्यांनी जोडून एकच आरएनए बनवला आणि त्यातली वीस अक्षरे बदलून हव्या त्या जागी काप घेतला.

त्या गाइडचे दोन भाग असतात. पुढची वीस अक्षरे म्हणजे पत्ता. मागचा लांब भाग घड्या पडून वळलेला असतो. तो कॅस९च्या पोटात बसतो, जणू कात्रीची मूठ. मूठ सगळ्या गाइडमध्ये सारखी असते, म्हणून नवा प्रयोग करताना फक्त वीस अक्षरे नव्याने लिहावी लागतात.

वीसच का? डीएनएची अक्षरे चार. वीस जागांवर ती मांडण्याचे प्रकार ४ चा २० वा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी. माणसाच्या जनुकसंचात अक्षरे साधारण ३०० कोटी. त्यामुळे वीस अक्षरांचा पत्ता योगायोगाने दुसरीकडे तंतोतंत सापडण्याची शक्यता कमी असते. ‘तंतोतंत’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

स्लाइड २ : आपले उदाहरण

उदाहरण सिकलसेलचे घेऊ. हा आजार आपल्याला परका नाही. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या अनेक गावांत तो आहे, आणि इथे आखातातही आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो, ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे धागे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

भारतातल्या आणि पूर्व अरबस्तानातल्या अनेक रुग्णांमध्ये सिकलसेलचा एकच वंशप्रकार आढळतो. त्याचे नावच ‘अरब-भारतीय’ आहे. या रुग्णांमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकते आणि अनेकांचा आजार त्यामुळे काहीसा सौम्य राहतो. गर्भातले हिमोग्लोबिन धागे बनू देत नाही. मग ते मुद्दाम परत चालू करता येईल का?

ते बंद करणाऱ्या प्रथिनाचे नाव बीसीएल११ए. पण त्याचे जनुक सरसकट मोडून चालत नाही, कारण मेंदूत आणि पांढऱ्या पेशींतही त्याची गरज असते. सुदैवाने या जनुकाच्या आतच एक स्विच आहे, जो फक्त तांबड्या पेशींच्या घडणीत चालतो. गाटा१ नावाचे प्रथिन तिथे बसले की स्विच चालू होतो. कॅसगेव्ही या उपचारात याच जागेवर काप घेतात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली, अमेरिकेने पुढच्याच महिन्यात. बहारीन, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीनेही दिली.

म्हणजे सिकलसेलचे चुकलेले अक्षर इथे कोणी दुरुस्त करत नाही. ते तसेच राहते. मोडला जातो तो दुसऱ्याच गुणसूत्रावरचा एक स्विच.

स्लाइड ३ : पत्ता वाचू या

(ही स्लाइड शेवटपर्यंत दिसत राहू द्या.)

```
डीएनए : CTAACAGTTGCTTTTATCAC AGG CTCCAGGAAGGG
गाइड  : CUAACAGUUGCUUUUAUCAC
काप   : CTAACAGTTGCTTTTAT | CAC AGG
```

पहिल्या ओळीत डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच दाखवला आहे. गाइडची अक्षरे याच धाग्यासारखी आहेत, फक्त T च्या जागी U. त्यामुळे गाइडची जोडी जुळते ती न दाखवलेल्या, समोरच्या धाग्याशी. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो.

वीस अक्षरांनंतर AGG आहे. याला पॅम म्हणतात. कॅस९ला काप घेण्यासाठी पत्त्याच्या शेजारी कोणतेही एक अक्षर आणि मग GG लागते. पॅम डीएनएमध्ये असावा लागतो, गाइडमध्ये तो लिहायचा नसतो. गाइडमध्ये AGG घातले तर पत्ता तीन घरे सरकतो.

पॅम कशाला? जिवाणू जुन्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे आपल्याच डीएनएत जपून ठेवतो आणि त्यांवरून गाइड बनवतो. मग कात्री त्या जपलेल्या तुकड्यालाच का कापत नाही? कारण तिथे शेजारी पॅम नसतो. विषाणूत असतो.

स्लाइड ४ : शोध कसा चालतो

कॅस९ सगळा डीएनए अक्षर अक्षर वाचत जात नाही. ते आधी फक्त पॅम चाचपते. GG दिसले नाही तर लगेच पुढे. हे समजा की डिलिव्हरीवाला आधी फक्त दाराचा रंग बघतो आणि हिरवे दार दिसले तरच पाटी वाचायला थांबतो.

पॅम सापडला की कॅस९ त्याला धरून शेजारचा डीएनए थोडा उसवते. आता गाइड उजवीकडून, म्हणजे पॅमच्या बाजूने, एकेक अक्षर समोरच्या धाग्याशी जुळवत जातो. आपल्या उदाहरणात आधी C, मग A, मग C, मग T, असे उलट्या क्रमाने. पॅमजवळची पहिली दहा-बारा अक्षरे सर्वांत महत्त्वाची. तिथे एखादी चूक निघाली तर जुळणी बहुधा तिथेच थांबते आणि कॅस९ जागा सोडते. पलीकडच्या टोकाची एखाददुसरी चूक मात्र बऱ्याचदा खपून जाते.

बहुतेक जोड्या जुळल्या की प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्याची दोन पाती कामाला लागतात. एचएनएच नावाचे पाते गाइडशी जुळलेला धागा कापते, आरयूव्हीसी नावाचे पाते सुटा राहिलेला धागा कापते. काप पॅमच्या तीन अक्षरे आधी पडतो.

आता स्लाइडकडे बघा. गाटा१ ज्या सहा अक्षरांवर बसते ती इथे TTATCA अशी दिसतात. काप त्यांच्या मधोमध, TTAT आणि CA यांच्यामध्ये पडतो. हा गाइड निवडण्याचे कारण हेच.

स्लाइड ५ : कापानंतर

गाइडचे काम इथे संपते. पुढचे पेशी स्वतः करते. ती तुटलेली टोके घाईने जोडते. जोड बरोबर लागला तर पत्ता पुन्हा जसाच्या तसा तयार होतो आणि कॅस९ पुन्हा कापते. केव्हातरी जोडताना दोन-चार अक्षरे गळतात किंवा वाढतात. मग पत्ता ओळखू येत नाही, कापणे थांबते, आणि गाटा१ला बसायची जागाही उरत नाही.

काप झाला हे कळते कसे? पेशींच्या त्या भागाच्या प्रती काढून अक्षरक्रम वाचतात. कापाच्या जागेपर्यंत आलेख स्वच्छ येतो आणि तिथून पुढे एकमेकांवर चढलेले शिखरांचे थर दिसतात, कारण प्रत्येक पेशीत जोड वेगळा लागलेला असतो. आलेख शेवटपर्यंत स्वच्छ आला तर काप होऊन चुकीचा जोड लागल्याची खूण नाही.

स्लाइड ६ : चुकीच्या दाराशी

आता ‘तंतोतंत’ या शब्दाकडे. पत्ता थोडा चुकला तरी कॅस९ कधी कधी कापते. म्हणून गाइड वापरण्याआधी संगणकावर संपूर्ण जनुकसंचात त्याच्यासारख्या जागा शोधतात. पण कुणाच्या जनुकसंचात? नेहमी एका नमुना जनुकसंचात, आणि तो आपल्यापैकी कुणाचाच नाही.

डॅनिएल बाउअर आणि लुका पिनेलो यांच्या गटांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमका हाच गाइड तपासला. सीपीएस१ या जनुकात त्याच्या पत्त्याशी मिळतीजुळती एक जागा आहे. नमुना जनुकसंचात तिच्याशेजारी योग्य पॅम नाही, म्हणून ती सुरक्षित वाटत होती. पण आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये सुमारे ४.५ टक्के गुणसूत्रांवर तिथे एक अक्षर वेगळे असते आणि त्या एका अक्षराने पॅम तयार होतो. अशा व्यक्तीच्या पेशींवर प्रयोग केल्यावर तिथे खरोखर काप आढळला. ती जागा जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागात आहे आणि हे जनुक मुख्यतः यकृतात चालते, त्यामुळे रक्तपेशींत त्याने नुकसान होईलच असे नाही. कॅस९चा अधिक काटेकोर प्रकार वापरल्यावर तो काप बराच टळला. तरीही सिकलसेलचे बरेच रुग्ण आफ्रिकी वंशाचे असताना हा धोका नमुन्यावर दिसला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नंदुरबारच्या किंवा बहारीनच्या रुग्णासाठी गाइड तपासायचा, तर तिथल्या लोकांचे अक्षरक्रम हाताशी हवेत.

दुसरी मर्यादा गाइडबाहेरची आहे. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, त्यांत विजेच्या झटक्याने कॅस९ आणि गाइड सोडून, मग परत शरीरात देतात. त्याआधी अस्थिमज्जा रिकामी करायला कडक केमोथेरपी द्यावी लागते आणि तिने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे.

स्लाइड ७ : तुमच्यासाठी प्रश्न

स्लाइड ३ वरची पहिली ओळ पुन्हा बघा. तिथे आणखी एक AGG आहे, CTCC च्या लगेच पुढे. तो पॅम धरला तर गाइडची वीस अक्षरे कोणती आणि काप कुठे पडेल?

(दोन मिनिटे थांबा. उत्तर देणाऱ्याला फळ्यावर बोलवा.)

उत्तर : पॅमपासून मागे वीस अक्षरे मोजली की गाइड येतो TTGCTTTTATCACAGGCTCC. काप पॅमच्या तीन अक्षरे आधी, म्हणजे GGC आणि TCC यांच्यामध्ये. TTATCA तिथून पाच अक्षरे मागे राहते. जोडताना एकदोनच अक्षरे गळली तर गाटा१ची जागा शाबूत राहील आणि स्विच चालूच राहील. दोन्ही पत्ते बरोबर आहेत, दोन्हीकडे काप पडेल. पण पहिला काप स्विचच्या मधोमध पडतो आणि दुसरा त्याच्या शेजारी. गाइड निवडताना पत्ता सापडतो का एवढेच बघून भागत नाही, काप नेमका कोणत्या दोन अक्षरांमध्ये पडणार हे मोजून बघावे लागते.