फी नाही, एवढ्यावर भागत नाही

घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या जाहिरातीत ‘उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही’ असं लिहिलेलं असलं, की आपल्याकडे निम्मी शंका तिथेच मिटते. नोंदणी शुल्क भरून फसलेल्यांच्या गोष्टी भंडारा, तुमसर, साकोली, लाखांदूर सगळीकडे ऐकून झाल्या आहेत. त्यामुळे पैसे मागितले तर खोटं आणि नाही मागितले तर खरं, असा सोपा हिशेब लोकांनी मनाशी बांधला आहे. पहिला अर्धा बरोबर आहे. काम देणारा काम मागणाऱ्याकडून पैसे घेत असेल, मग त्याला तो अनामत म्हणो, प्रशिक्षणाचा खर्च म्हणो की ओळखपत्राचे दोनशे रुपये, तिथे थांबायचं. दुसरा अर्धा मात्र धोक्याचा आहे, कारण आजची बरीचशी फसवणूक सुरुवातीला काहीच मागत नाही. ती काम देते, करून घेते आणि मग दंड मागते. म्हणून माझं म्हणणं असं, की जाहिरातीत फी नाही हे पाहून पुढे तीन गोष्टी पाहाव्यात: काम नेमकं सांगितलं आहे का, टायपिंगची खरी परीक्षा आहे का आणि मोबदला तासाचा आहे का. या तिघींतही तासाचा मोबदला सर्वांत बोलका आहे.

दंडाची ही तऱ्हा कशी चालते ते एकदा आकड्यांत पाहू. समजा, पाच दिवसांत ५०० फॉर्म भरायचे, प्रत्येक फॉर्मला ३० रुपये, म्हणजे १५,००० रुपये. अट एकच, अचूकता ९० टक्के. ऐकायला ९० टक्के म्हणजे काहीच नाही; शाळेत चांगल्या मुलाला पडतात तेवढे गुण. खोच मोजण्यात आहे. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की फॉर्ममध्ये एक अक्षर, एक टिंब, एक जादा जागा चुकली तरी तो पूर्ण फॉर्म बाद. आता एका फॉर्ममध्ये नाव, पत्ता, तारखा, क्रमांक मिळून ३०० अक्षरं धरा. दर २०० अक्षरांत एकच चूक करणारा टंकलेखक चांगलाच म्हणायचा, पण त्याच्या प्रत्येक फॉर्मला सरासरी दीड चूक येते आणि शंभरांतले जेमतेम २२ फॉर्म पूर्ण निर्दोष निघतात. हजार अक्षरांत एक चूक करणारा फार तयारीचा माणूस, त्याचे निघतात ७४. शंभरात ९० फॉर्म स्वच्छ द्यायचे तर २,८०० हून अधिक अक्षरांत एखादीच चूक व्हावी लागते. धूसर स्कॅनवरून, पाच दिवसांच्या घाईत हे जवळपास कोणालाच जमत नाही आणि अट घालणाऱ्याला ते ठाऊक असतं. सहाव्या दिवशी निरोप येतो, की तुम्ही कराराचा भंग केला आहे, कंपनीचं नुकसान झालं आहे, अमुक इतके हजार भरा, नाहीतर न्यायालयाची नोटीस निघेल. ही फी आहेच. ती फक्त दाराबाहेरून उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली आहे.

हाच डाव तासाच्या मोबदल्यात का बसत नाही, ते समजायला आपल्या जिल्ह्याला लांब जावं लागत नाही. विडी वळण्याचं काम इथल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या घरीच केलं. हजारी दराने मजुरी, पान-तंबाखू ठेकेदाराकडून आणि माल देताना होणारी छाट. छाटीत किती विड्या बाद करायच्या हे घेणाऱ्याच्या हातात असल्यामुळे दर कागदावर काहीही असो, खरी मजुरी छाटीने ठरत असे. हे भांडण इतकं खरं होतं, की १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यात बाद केलेल्या विड्यांवरून होणाऱ्या वादाच्या निवाड्याची तरतूद करावी लागली. नगावर पैसे आणि तपासणी एकट्या मालकाच्या हाती, अशी जोडी जिथे असते तिथे सगळी जोखीम काम करणाऱ्यावर येते. तासावर पैसे द्यायचे म्हटलं की ती जोखीम देणाऱ्याकडे सरकते. माझा वेग कमी असला तर नुकसान त्याचं, माझ्या चुका जास्त असल्या तर दुरुस्तीच्या तासांचे पैसेही त्याचेच. म्हणून तो आधीच परीक्षा घेतो, काम नीट समजावून देतो आणि पहिल्या दोन दिवसांचं काम बारकाईने पाहतो. टायपिंगची परीक्षा, नेमकं काम आणि तासाचा दर या गोष्टी एकत्र येतात त्या यामुळे. चांगुलपणाचा प्रश्नच नाही, त्याला ते परवडतं म्हणून तो तसं करतो.

नेमकं काम म्हणजे काय, तेही नीट पाहायला हवं. ‘साधं कॉपी-पेस्टचं काम, रोज दोन तास’ हे कामाचं वर्णन नव्हे. खरी जाहिरात सांगते, की स्कॅन केलेल्या मराठी नोंदवहीच्या पानांवरून एक्सेलमध्ये अकरा रकाने भरायचे आहेत. टायपिंग युनिकोडमध्ये हवं, कृतिदेवमध्ये केलेलं चालणार नाही. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी. वाचता न येणारा मजकूर अंदाजाने भरू नये, ठरलेली खूण टाकावी. निवड झाल्यावर सोबत नियमांचं एखादं पान येतं, आणि खऱ्या कामाची ओळख मला त्या पानावरच सर्वांत पक्की पटते. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. जुन्या कागदात एकाच गावाचं नाव कुठे पवनी, कुठे पौनी असं येतं. जसं छापलंय तसं लिहायचं, की सगळीकडे एकच रूप ठेवायचं? ज्याला ती माहिती पुढे खरोखर वापरायची आहे त्याला हा प्रश्न पडलेला असतो आणि त्याने उत्तर लिहून ठेवलेलं असतं. ज्याला माहिती नकोच आहे, चुका हव्या आहेत, तो अशा जागा मुद्दाम मोकळ्या सोडतो. तेव्हा मुलाखतीत हाच प्रश्न विचारा: अस्पष्ट अक्षर आलं तर काय करायचं? ‘ते तुम्ही बघून घ्या’ असं उत्तर आलं, तर ते काम घेऊ नका.

परीक्षेचंही तसंच. आपल्याकडे राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा ३० आणि ४० शब्द प्रति मिनिट अशा दोन वेगांची असते. ३० शब्दांचा वेग म्हणजे तासाला साधारण ९,००० कळा. कर्मचारी निवड आयोग डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या बहुतेक पदांसाठी तासाला ८,००० कळांची कसोटी ठेवतो. खरी परीक्षा या आसपासचंच काहीतरी मागते: ठरलेली मिनिटं, समोर उतारा, सोबत आकड्यांचा एक तुकडा, शेवटी वेग आणि चुका दोन्ही दाखवणारा निकाल. त्यात माणूस नापासही होतो, आणि नापास होणं शक्य असणं हीच परीक्षेची खूण. ‘तुमची निवड झाली’ हा निरोप उतारा वाचला जाण्याआधी येत असेल, तर ती परीक्षा नव्हती. परीक्षेसाठी मोबाइलमध्ये दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारं किंवा चालवू देणारं ॲप टाकायला सांगितलं, तर ते टाकूच नये.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळं जाहिरातीत लिहायला काय लागतं? भामटाही उद्या ‘तासाला ८० रुपये, परीक्षा, फी नाही’ असं लिहील. लिहील, नक्की लिहील. पण तासाचा दर लिहिणं आणि तासाचे पैसे देणं यांत फरक आहे, म्हणून परीक्षा शब्दांची न घेता पहिल्या आठवड्याची घ्यावी. तास कशाने मोजणार, दुरुस्तीचे तास धरणार का, पहिले पैसे कोणत्या वारी येणार, हे ईमेलवर लेखी मागावं. पहिले पैसे खात्यात पडेपर्यंत कामाचा पसारा वाढवू नये. आणि दराचं गणित मांडून पाहावं. वरचा फॉर्म वाचून, भरून, तपासून चार मिनिटांत होतो असं धरलं तर तासाला पंधरा होतात आणि ३० रुपयांप्रमाणे तासाचे ४५० रुपये पडतात. कार्यालयात रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस बसून कोणी १२,००० मिळवत असेल तर त्याला तासाला ५८ रुपयेही पडत नाहीत. त्याच कामाला कोणी घरबसल्या जवळपास आठपट देत असेल, तर तो पैसे द्यायचा विचारच करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. नगावर काम देणारे सगळेच लबाड नसतात. भाषांतर, टंकलेखन, मुद्रितशोधन ही कामं पानावरच चालत आली आहेत. मान्य. नगावरचं काम घ्यायला माझी हरकत नाही, पण तिथे दोन गोष्टी कागदावर हव्यात. चूक अक्षरावर मोजायची की रकान्यावर, हे स्पष्ट हवं. आणि काम नापसंत झालं तर फार तर त्या कामाचे पैसे मिळणार नाहीत, उलट पैसे भरावे लागणार नाहीत, हेही हवं. दंडाचं कलम दिसलं, की सही करायची नाही.

आणि तिसरा आक्षेप, जो मला मनापासून लागतो: धानाचा हंगाम संपल्यावर हाताला काम नाही, नागपूरला रोज जाणं-येणं परवडत नाही, मग इतकी पारख करायची चैन कोणाला? पण ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच हा तोटा जड जातो. पाच दिवसांचे कष्ट जातात, वर दंड, आणि सर्वांत वाईट म्हणजे आधार, पॅन, पासबुकाचं पान आणि सही परक्या हातात राहते. निवड झाल्यावर पगारासाठी पॅन आणि खाते क्रमांक लागतो, हे खरं. आधार द्यावाच लागला तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी. ओटीपी, यूपीआयचा पिन, एटीएम कार्ड किंवा आपल्या नावचं सिम कोणत्याच नोकरीला लागत नाही. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठवा’ हे तर डेटा एन्ट्रीचं कामच नाही; त्यात उद्या पोलिसांपुढे खातेदारालाच उभं राहावं लागतं.

ज्यांना अशी नोटीस आलीच आहे त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. डेटा एन्ट्रीत चुका झाल्या म्हणून कोणाला अटक होत नाही. कराराचा वाद दिवाणी असतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात लिहिलेली रक्कम आपोआप वसूल होत नाही, न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देऊ शकतं. खटला खरा असेल तर त्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही पाहता येतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या शिक्क्याच्या कागदावर तो क्रमांक नसतो, किंवा टाकला तर काहीच निघत नाही. पैसे भरू नका, कारण एकदा भरणाऱ्याकडे पुन्हा मागणी येते. संभाषण, करार आणि क्रमांक पुसू नका, त्यांची चित्रं जपून ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि भंडाऱ्याच्या सायबर पोलिसांकडे जा. आणि घरात कोणाला अशी नोटीस आली असेल, तर आधी तिला किंवा त्याला रागावू नका; घरच्यांपासून लपवण्याच्या भीतीनेच बहुतेक पैसे भरले जातात.