ताळेबंदावाचून रोकड-प्रवाहाची वर्गवारी

प्रश्न : उदाहरणातील ताळेबंदाचे चित्र गहाळ असून केवळ बाबींची यादी हाती आहे. वर्गवारी कशी करावी?

उत्तर : वर्गवारी व्यवहाराच्या स्वरूपावरून ठरत असल्यामुळे ताळेबंदावाचूनही ती बहुतांशी साधते : मालविक्री व पगार हे परिचालन, यंत्राची खरेदी-विक्री ही गुंतवणूक, आणि भागभांडवल, कर्ज व सामान्य व्यापारी कंपनीने दिलेले व्याज हा, लेखामानक ३ प्रमाणे, वित्तपुरवठा. फसगत होते ती यंत्रविक्रीत. ४०,००० रुपये पुस्तकी किमतीचे यंत्र ५२,००० रुपयांस रोखीने विकले, तर त्यावरील १२,००० रुपयांचा नफा परिचालनात निव्वळ नफ्यातून वजा करून संपूर्ण ५२,००० रुपये गुंतवणुकीत जमा दाखवावेत, अन्यथा तो नफा दोनदा मोजला जातो. मात्र येणी व मालसाठा यांतील वाढघट आरंभीच्या व अखेरच्या शिलकांवाचून निघत नाही. तेथे अंदाजाने आकडा न भरता मूळ ताळेबंदच मागवावा.